स्पॉटरचे जुने फोटो पाठ केले, तरी फुप्फुसावर चुकले. तुम्ही कशी तयारी करता?

अबोली_डिचोली

नमस्कार. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात अ‍ॅनाटॉमीची इंटर्नल प्रॅक्टिकल झाली. स्पॉटरची वीस टेबलं, प्रत्येकी एक मिनिट, घंटा वाजली की पुढे सरकायचं. वीसपैकी माझे नऊच बरोबर आले.

अभ्यास केला नव्हता असं नाही. सिनिअर्सकडून मागच्या प्रॅक्टिकल्सचे स्पॉटरचे फोटो मिळाले होते, एकूण १४०. ट्रेमध्ये किंवा जारमध्ये अवयव, त्यात पिन, बाजूला नंबराची चिठ्ठी आणि खाली कुणीतरी टाईप केलेलं उत्तर. घरून कॉलेजला जाताना रोज कदंबात बसून मी ते मोबाईलवर सरकवत असे. शेवटी शेवटी फोटो अर्धा दिसला तरी उत्तर तोंडात यायचं.

आठव्या टेबलावर फुप्फुस होतं. माझ्या संचात ३१ नंबरचा फोटो राइट लंगचा आहे. तीन लोब स्वच्छ दिसतात, हायलममध्ये पिवळी पिन आहे. परीक्षेतल्या फुप्फुसाला मात्र एकच फिशर होती. दोन लोब म्हणजे लेफ्ट, असं धरलं. पिन हायलमच्या सगळ्यात वरच्या छिद्रात होती. लेफ्टला सगळ्यात वर आर्टरी असते हे पाठ होतं, म्हणून 'लेफ्ट लंग, पल्मोनरी आर्टरी' लिहून मोकळी झाले. बाहेर आल्यावर कळलं की ते राइट लंग होतं आणि पिन वरच्या लोबच्या ब्राँकसमध्ये होती. बाजूही गेली आणि पिनही.

माझा प्रश्न असा: फोटोंवरून पाठ करणं मुळातच चूक आहे, की मी ते चुकीच्या पद्धतीने केलं? विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला अजून सात आठवडे आहेत, मध्ये चवथीची सुट्टीही आहे.

म्हापशेकर

ताई, फोटो सोडू नका, मीही फोटोंवरच पास झालो. तुमचा घोटाळा एवढाच की १४० फोटो कमी पडले. मी एक युक्ती करायचो. प्रत्येक फोटो मोबाईलवर आरशासारखा उलटा करून दुसरी प्रत ठेवायचो. राइटचं लेफ्ट होतं, फोटो दुप्पट होतात आणि तोच तो फोटो ओळखीचा वाटत नाही. आणि लोब मोजणं बरोबरच आहे, तीन म्हणजे राइट, दोन म्हणजे लेफ्ट. तुमच्या टेबलावरचं स्पेसिमेनच खराब असणार.

नवी_बॅच_पेडणे

मलाही ती पीडीएफ पाठवाल का? यंदा कुठले स्पॉटर येणार त्याची यादी हवी आहे.

अबोली_डिचोली

पेडणे, यंदाची यादी वगैरे काही नाही. हे जुन्या परीक्षांचे फोटो आहेत, आणि त्यातलंच काही येईल असं नसतं हे मी नुकतंच अनुभवलंय.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

अबोली, पुष्कळ वर्षं मी स्पॉटरची टेबलं मांडली आहेत. तुझं काय झालं ते ओळखीचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते फुप्फुस. स्पेसिमेन खराब नव्हतं. राइट लंगची आडवी फिशर अर्धवट असणं किंवा अजिबात नसणं हे नेहमी दिसतं. तिरकी फिशर बहुधा असते, म्हणून तुला एकच रेघ दिसली. टेबल मांडणाऱ्याला असं फुप्फुस मिळालं की तो ते मुद्दाम ठेवतो, कारण लोब मोजणारा आणि हायलम बघणारा तिथे वेगळे निघतात. म्हापशेकर, लोब मोजून बाजू ठरवू नये ती याचसाठी. तीन दिसले तर राइट म्हणायला बळ मिळतं, पण दोन दिसले म्हणून लेफ्ट ठरत नाही.

बाजू ठरवायची माझी रीत अशी. पहिल्यांदा शेंडा वर आहे का ते बघ. शेंडा गोल आणि बोथट असतो, तळ डायाफ्रामवर बसलेला असल्याने खोलगट असतो. ट्रेमध्ये फुप्फुस आडवं किंवा उलटं ठेवलेलं असू शकतं, तेव्हा मनात फिरवून शेंडा वर घे. मग हायलम आपल्याकडे धर आणि कडा बघ. पुढची कड पातळ, सुरीसारखी असते. मागची जाड आणि गोल असते, आणि हायलम तिच्या जवळ असतो. पातळ कड तुझ्या डाव्या हाताला आली तर फुप्फुस उजवं, उजव्या हाताला आली तर डावं.

हे उलटं वाटतं आणि मुलं इथेच अडखळतात. हायलमकडे बघतेस तेव्हा तू त्या माणसाच्या छातीच्या मधोमध, तो जिकडे बघतोय तिकडेच तोंड करून उभी आहेस असं समज. आता उजव्या फुप्फुसाकडे वळलीस की त्याची पुढची बाजू तुझ्या डाव्या हाताला येते. एकदा खोलीत उभी राहून हे करून बघ, पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

मग पक्कं करायला हायलमच्या वरची खाच. उजव्याला अझायगसची बारीक कमान, हायलमच्या वरून पुढे येणारी. डाव्याला एऑर्टाची रुंद कमान, आणि तीच हायलमच्या मागून खाली उतरते. छातीतच फॉर्मॅलिनने घट्ट झालेल्या फुप्फुसावर या खाचा उमटतात. जारमध्ये वर्षानुवर्षं दाबून बसलेल्यावर पुसटही होतात, म्हणून फक्त त्यांच्यावरही विसंबायचं नाही.

बाजू ठरली की लगेच लिहून टाक. पंधरा सेकंद यात जाऊ देत. मग पिनकडे जा.

अबोली_डिचोली

मॅडम, खोलीत उभी राहून करून बघितलं. आई बघत राहिली, पण डोक्यात बसलं.

आता पिनचं. माझ्या संचातला ४३ नंबरचा फोटो बघून गोंधळले. उत्तर लिहिलंय 'राइट लंग, एपआर्टेरियल ब्राँकस'. शेंडा वर आहे, पण पातळ कड उजव्या हाताला येते. हायलमच्या वर रुंद खाच आहे आणि ती मागे वळून खाली जाते. पिन सगळ्यात वरच्या छिद्रात आहे. छिद्राची कड सलग दिसते, पांढरे तुकडे काही नाहीत. त्याला निळा रंग दिलेला आहे. आता कुणावर विश्वास ठेवू?

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

तू जे डोळ्यांनी बघितलंस त्यावर. पातळ कड उजव्या हाताला आणि रुंद खाच मागून खाली उतरणारी, म्हणजे लेफ्ट लंग. वरचं छिद्र, कापलेल्या कडेत कूर्चेचे तुकडे नाहीत, म्हणजे ब्राँकस नाही. लेफ्ट पल्मोनरी आर्टरी आहे. उत्तर टाईप करणाऱ्याने चूक केली आणि तुझ्याकडे यायच्या आधी ती किती जणांनी पाठ केली असेल कुणास ठाऊक.

निळ्या रंगाचंही सांगते, कारण त्यावर हमखास गुण जातात. पुस्तकातल्या चित्रांत पल्मोनरी आर्टरी निळी आणि पल्मोनरी व्हेन लाल असते, कारण आर्टरीतून अशुद्ध रक्त जातं. पण काही ठिकाणी जार रंगवणारा सगळ्या आर्टरी लालच रंगवतो. एकाच संचात दोन्ही रीतींचे फोटो मिसळलेले असतात. रंगावरून उत्तर देऊच नये. ब्राँकसची कड जाड, तिच्यात पांढरट कूर्चेचे तुकडे, आणि तोंड उघडं राहतं. आर्टरीची भिंत व्हेनपेक्षा जाड. व्हेन पातळ, बऱ्याचदा चपटी झालेली. दोन्ही बाजूंना पुढून मागे व्हेन, आर्टरी, ब्राँकस हा क्रम, आणि सगळ्यात खाली इन्फिरिअर पल्मोनरी व्हेन. मध्ये काळे भरीव गोळे दिसतात ते लिम्फ नोड, त्यांना छिद्र नसतं.

एक अडचण मात्र राहते. हायलममध्ये किती ब्राँकस दिसतील हे फुप्फुस कुठे कापलंय त्यावर असतं. मध्यरेषेजवळ कापलं तर उजव्यालाही एकच मोठा ब्राँकस दिसतो, आणि आत खोल कापलं तर डाव्यालाही दोन दिसू शकतात. म्हणून 'दोन ब्राँकस म्हणजे उजवं' हेही लोब मोजण्यासारखंच कच्चं आहे. आधी कड, मग खाच, मग छिद्रं.

शिरोड्याची_वाट

मी बीएएमएसचा. आमच्याकडेही शारीरच्या प्रॅक्टिकलला स्पॉटर असतात. माझं अडलं ते क्लॅव्हिकलवर. म्हापशेकरांची उलट्या फोटोची युक्ती मी केली होती आणि मला ती चालली. उजव्या क्लॅव्हिकलचा फोटो उलटा केला की हुबेहूब डावी. छातीकडचं टोक जाड, खांद्याकडचं चपटं, आतला भाग पुढे फुगलेला, सगळं जुळतं. फुप्फुसाला का चालू नये?

म्हापशेकर

तेच म्हणतोय मी. हाडांत माझे पूर्ण गुण होते.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

हाडाला चालते, कारण डावी क्लॅव्हिकल ही उजवीची आरशातली प्रतिमाच आहे. ह्यूमरस, फीमर, टिबियालाही तसंच. दोन फुप्फुसं एकमेकांची आरशातली प्रतिमा नाहीत. उजव्या फुप्फुसाचा फोटो उलटा केलास की पातळ कड उजव्या हाताला येते, म्हणजे कड सांगते डावं. पण हायलमच्या वर अझायगसची बारीक कमान तशीच राहते, आणि हृदयासाठी पुढच्या कडेत जी खाच डाव्याला असते ती नसते. असं फुप्फुस कुणाच्याच छातीत नसतं. ते शंभरदा बघितलं की डोळ्यांना खोटी खूण पाठ होते. हृदय आणि यकृताचंही तसंच, त्यांना तर जोडीदारच नाही. किडनीत व्हेन, आर्टरी, पेल्व्हिस हा पुढून मागचा क्रम दोन्हीकडे सारखा, म्हणून हायलमपुरता उलटा फोटो चालेल. पण पुढच्या बाजूला कोण टेकलंय ते विचारलं तर चालणार नाही, उजवीकडे यकृत आहे आणि डावीकडे प्लीहा.

फोटो फिरवायचा असेल तर गोल फिरव. नव्वद अंश, एकशे ऐंशी अंश, कितीही. ट्रेमध्ये स्पेसिमेन असंच फिरलेलं असतं. फक्त आरसा नको.

म्हापशेकर

हे मान्य. फुप्फुसाचे माझे सगळे उलटे फोटो आजच काढून टाकतो, ज्युनिअर्सना दिले होते त्यांनाही सांगतो. तरीही माझं म्हणणं राहतं की संख्या हवी. एका रचनेचा एकच फोटो असेल तर तो फोटोच लक्षात राहतो, रचना नाही.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

हे अगदी खरं आहे, आणि अबोलीचं नेमकं तेच झालं. फुप्फुसाबरोबर तिच्या लक्षात पिवळी पिन, ट्रेचा रंग आणि जारवरची चिठ्ठीही बसली होती. डोळा सोपी खूण पकडतो. म्हणून फोटो वापरायचे ते असे.

अवयव पूर्ण ठेव, पण भोवतालचा ट्रे, फरशी, चिठ्ठी, जारचं झाकण कापून टाक. नुसत्या पिनपुरतं कापू नकोस, नाहीतर कड आणि शेंडाच जाईल. एका रचनेचे तीन वेगवेगळ्या स्पेसिमेनचे फोटो असले तर कार्ड कर, एकच असला तर कार्ड न करता म्युझियममध्ये जाऊन बघ. कार्डाच्या मागे नुसतं नाव लिहू नकोस, ओळखण्याच्या दोन खुणा लिही. ४३ च्या मागे लिही: पातळ कड उजव्या हाताला, वरच्या छिद्राच्या भिंतीत कूर्चा नाही. खुणा सांगता आल्या नाहीत तर नाव बरोबर असलं तरी ते कार्ड चुकलं असंच धरायचं.

आणि नंबरांचा क्रम मोड. जुन्या परीक्षेच्या क्रमाने बघत राहिलं की सातव्यानंतर आठवं फुप्फुस येणार हे मनाला आधीच कळतं.

सिस्टर_मडगाव

अभ्यासाबद्दल मला फारसं कळत नाही, मी वॉर्डात काम करते. पण एक विचारते. देहदान केलेल्या माणसांचे फोटो असे मोबाईलवरून मोबाईलवर फिरणं योग्य आहे का? माझ्या काकांनी देहदान केलं. त्यांचं फुप्फुस कुणाच्या तरी ग्रुपवर असेल, या विचाराने मला झोप येत नाही.

अबोली_डिचोली

ताई, हा विचार माझ्या मनात आधी यायला हवा होता, तो आला नाही. आमच्याकडे डिसेक्शन हॉलमध्ये मोबाईल न्यायला मनाई आहे. हे फोटो कुणी कधी काढले मला माहीत नाही. मी आता ते पुढे कुणाला पाठवणार नाही.

म्हापशेकर

सिस्टर, तुमच्या भावना समजतात. पण ट्रेमधल्या फुप्फुसावरून माणूस ओळखता येत नाही. आणि ज्यांचं म्युझियम लहान आहे त्यांनी काय करायचं?

सिस्टर_मडगाव

ओळखता येत नाही म्हणून हरकत नाही, हे मला पटत नाही. काकांनी शिकण्यासाठी शरीर दिलं, ते कॉलेजच्या भिंतीच्या आत.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

मी सिस्टरांच्या बाजूने आहे. विभागाने परवानगी देऊन काढलेले, विभागातच बघायला ठेवलेले फोटो वेगळे. मोबाईलवर फिरणारे नकोत. आणि शिकण्याच्या दृष्टीनेही फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे पिनचं टोक. कॅमेरा तिरका असला तर पिनचं डोकं आर्टरीवर दिसतं आणि टोक मागच्या ब्राँकसमध्ये असतं. टेबलावर तू वाकून पिनच्या रेषेत बघू शकतेस, फोटोत नाही. तुझ्या १४० मधल्या किती उत्तरांत हा दोष असेल ते फोटो बघून कुणालाच सांगता येणार नाही.

शिरोड्याची_वाट

स्पेसिमेनला हात लावू देतात का? आम्हाला हाडं हातात घेऊ देतात, जार अर्थातच नाही. कूर्चा बोटाला लागते म्हणून विचारतो.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

ट्रेमधल्या ओल्या स्पेसिमेनला फोर्सेप्सने हलकं बाजूला करू देणारे परीक्षक मी बघितले आहेत आणि अजिबात न देणारेही. आत गेल्या गेल्या विचारून घ्यावं. पिन हलली तर पुढच्या मुलाचं उत्तर बदलतं, म्हणून नाही म्हणणाऱ्याचंही चुकत नाही.

अबोली_डिचोली

पाच आठवड्यांनी लिहितेय.

मोबाईलवरचे फोटो काढून टाकले. विभागात विचारलं तर जेवणाच्या सुट्टीत म्युझियम उघडून द्यायला तयार झाले. तिथे फोटो काढता येत नाहीत, म्हणून मी कागदावर काढते. फुप्फुसाची दोन चित्रं, डावं आणि उजवं, नुसती बाह्यरेषा, पातळ कड ठळक, हायलममध्ये तीन आकार: उघडं गोल ब्राँकसला, जाड कडेचं आर्टरीला, चपटं व्हेनला. घरी आल्यावर न बघता पुन्हा काढते आणि दुसऱ्या दिवशी जारसमोर उभी राहून तपासते. चवथीच्या दिवसांत रात्री पावसाने वीज गेली की बॅटरीच्या उजेडात हेच कागद काढून बसायचे. सुट्टीच्या दिवशी पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत मैत्रीण एक मिनिटाचा टायमर लावते आणि कार्डं उलटसुलट क्रमाने पुढे करते.

काल विभागात सराव परीक्षा झाली. वीसपैकी पंधरा. फुप्फुस पुन्हा होतं, या वेळी शेंडा खाली करून ठेवलेलं. सवयीने पातळ कडेकडे बघितलं, डावीकडे होती, 'राइट' लिहायला पेन टेकवलं आणि मग तळाचा खोलगटपणा वर दिसला. मनात फिरवलं, लेफ्ट लिहिलं. पिन सगळ्यात पुढच्या चपट्या छिद्रात होती. सुपिरिअर पल्मोनरी व्हेन लिहिलं, बरोबर आलं.

चुकलेल्या पाचांपैकी तीन हिस्टॉलॉजीच्या स्लाईड होत्या. तिथे शेंडाही नाही आणि कडही नाही, त्यामुळे ही रीत तिथे कशी लावायची ते मला कळलेलं नाही.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

स्लाईडला आधी आतलं अस्तर बघायचं असतं, कुठल्या थराशी उभी आहेस ते ठरवायला. कुठल्या तीन चुकल्या ते लिही, आणि मायक्रोस्कोपखाली पॉइंटर कुठे होता तेही.

अबोली_डिचोली

ट्रेकिआ, युरेटर आणि ड्युओडेनम. युरेटरला मी व्हास डेफरन्स लिहिलं. पॉइंटर मधल्या चांदणीसारख्या पोकळीवर होता.

जुनी_डिमॉन्स्ट्रेटर

युरेटरला आत ट्रान्झिशनल अस्तर, बरेच थर आणि वरच्या पेशी फुगीर. व्हासला अस्तर बारीक आणि स्नायूची भिंत पोकळीच्या मानाने फारच जाड. पोकळीचा आकार बघून ठरवलंस ना? आडव्या छेदात दोघांचीही पोकळी चांदणीसारखी दिसू शकते. उद्या जेवणाच्या सुट्टीत दोन्ही स्लाईड शेजारी मागून घे, आधी कमी पॉवरवर भिंत किती जाड ते बघ आणि मगच अस्तराकडे जा. काय दिसलं ते इथे लिही, बाकीच्या दोन त्यानंतर घेऊ.